वाटखर्ची

दादा गेल्यापासून बंबाच्या पंपावर मी एकटी अशी कधीच नसते. हे मी कुणाला सांगत नाही. एकदा नवऱ्याला सांगितलं, तर म्हणाला, "मेलेल्या माणसाला वॉकीटॉकी कुणी दिला?" आणि स्वतःच्याच विनोदावर खो-खो हसला. मग बरेच दिवस मी त्याला चहा विचारला नाही. तेव्हा कुठे त्याला कळलं की बाई गंमत करत नाहीये.

आमच्या घरात तीन माणसं अग्निशमन दलातली. दादा, म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ, ब्रांचवर असायचा. ब्रांच म्हणजे होजच्या, पाण्याच्या लवचीक पाइपच्या, टोकाला जे नळकांडं असतं ना, ते. ते हातात धरून आगीच्या तोंडाशी उभं राहायचं. माझा नवराही ब्रांचवरच. त्याला या कामात आणलं दादानं, आणि आमचं लग्नही जमवलं दादानंच. मी आधी कंट्रोल रूममध्ये फोन घ्यायचे. दादा गेल्यावर स्टेशनच्या साहेबांच्या मागे हात धुऊन लागले आणि पंप मागून घेतला. सगळे म्हणाले, बाईमाणूस, इंजिनाशेजारी तासन् तास उभी राहील का? म्हटलं, स्वयंपाकघरात राहते तेव्हा नाही कुणाला काळजी वाटत.

पंपावरचं गणित मला दादानंच शिकवलं होतं, उगाच, गप्पा मारता मारता. टोक, वाट आणि चढ. टोकाला, म्हणजे ब्रांचच्या तोंडाशी, पाच बार जोर लागतो, बार म्हणजे जोर मोजायचं माप. कमी पडला तर धार नुसती गळते, आगीला हसू येतं. चढ म्हणजे उंची. दर दहा मीटरला एक बार, त्यात कुणाचं काही चालत नाही. आणि मधली वाट. पाणी होजच्या आतल्या अंगाला घासत जातं आणि घासता घासता आपला जोर गमावत जातं. पुस्तकात त्याला घर्षणाची घट म्हणतात. दादा वाटखर्ची म्हणायचा. त्याचं बघून सगळं स्टेशन तेच म्हणायला लागलं.

"पाणी घरून निघताना त्याच्या हातावर वाटखर्ची ठेवायची असते, छोटे," तो सांगायचा. "नाही ठेवलीस तर पोचेल ते, पण रिकाम्या हातानं पोचेल."

या वाटखर्चीला दोन वाईट खोडी आहेत. होजची लांबी दुप्पट केली तर खर्च दुप्पट, इथवर ठीक. पण त्याच होजमधून पाणी दुप्पट न्यायला गेलात तर खर्च चौपट होतो. ही पहिली खोड. दुसरी खोड याहून वाईट. पाणी वाहतं तोवरच खर्च असतो. ब्रांच बंद केली, पाणी जागच्या जागी थांबलं, की वाटखर्ची शून्य. मग चढापुरता जोर वजा करून पंपाचा सगळा जोर जसाच्या तसा टोकापर्यंत जाऊन उभा राहतो.

या दुसऱ्या खोडीनं दादाला नेलं.

त्या दिवशी एकाच जाड होजवर वरती फाटा लावून दोन ब्रांच चालवल्या होत्या. एक दादाची, नवव्या मजल्यावर, एक खालच्या मजल्यावर. दोन ब्रांच म्हणजे पाणी दुप्पट, म्हणजे जाड होजमधला खर्च चौपट. दादाची धार मेली. त्यानं वॉकीटॉकीच्या सेटवर मागितलं, "वाढव." पंपावर अण्णा होते, आमच्यातले सगळ्यात जुने. त्यांनी वाढवलं. दादा पुन्हा म्हणाला, "वाढव." त्यांनी पुन्हा वाढवलं, होज सोसेल त्याच्याही वर नेलं, कारण मागणारा दादा होता आणि दादाला नाही म्हणायची आमच्यात कुणाची छाती नव्हती. तेवढ्यात खालच्या मजल्यावरची आग विझली आणि तिथल्यांनी आपली ब्रांच बंद केली. त्यांचं काहीच चुकलं नाही. आग विझल्यावर बंदच करायची असते. पण निम्मं पाणी थांबलं, खर्च एकदम चौथाईवर आला, आणि उरलेला सगळा जोर धाडकन दादाच्या होजमध्ये घुसला. जुना होज होता. दादाच्या पाठीमागे, जिन्यातच फुटला. पुढे आग, आणि हातात कोरडं नळकांडं.

चौकशी झाली. कुणाचाच दोष निघाला नाही. अण्णांनी एकच वाक्य सांगितलं, "त्यानं मागितलं, मी दिलं." मग ते घरी बसले. रस्त्यात दिसले तर मान खाली घालून जातात. मला त्यांचा राग येत नाही. यायला हवा होता, तर सोपं झालं असतं.

तेव्हापासून दादा पंपावर असतो. काही दिसत-बिसत नाही. इंजिनाच्या घरघरीत कुणीतरी बाजूला उभं राहून बेरीज पुटपुटतंय, असं वाटतं. टोक, वाट, चढ. मीही मनात म्हणत असते, त्यामुळे कोण कुणाच्या मागून म्हणतंय ते कळत नाही. सुरुवातीला मला भीती वाटायची, मग सवय झाली. मात्र या सवयीचीच कधीकधी जास्त भीती वाटते.

आणि मग दादा गेला त्याच इमारतीला पुन्हा आग लागली.

इमारत पुन्हा रंगवली होती, लिफ्ट नवी बसवली होती, लोक राहायला आले होते. दुपारची वेळ. नवव्या मजल्यावर एकानं घरात फोमच्या गाद्यांचा साठा करून ठेवला होता. तो पेटला होता आणि आतल्या खोलीत त्याचे म्हातारे वडील अडकले होते. फोनवर पत्ता आला आणि बंब निघाला. नवऱ्यानं बूट चढवता चढवता माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "मजला तोच आहे. आग तीच नाहीये." मी म्हटलं, "मला माहितीय, तू हेल्मेटचा पट्टा लाव आधी."

इमारतीच्या आवारात गाड्या अशा लावल्या होत्या की आमचा बंब फाटकाबाहेरच अडला. इमारतीची स्वतःची पाण्याची उभी पाइप होती, तिचा व्हॉल्व्ह गंजून बसलेला. म्हणजे होज फाटकापासून अंथरायचा, आवारातून न्यायचा आणि जिन्याच्या मधल्या पोकळीतून नऊ मजले वर चढवायचा. जाड होज दोनशे मीटर, त्याच्यापुढे बारीक होजचा एक तुकडा. नवरा आणि त्याचा जोडीदार बुटका पाठीवर हवेचे सिलेंडर घेऊन पळत आत गेले. जिन्याच्या तळाशी आमच्यातलाच चष्मेवाला उभा राहिला, वरचा निरोप खाली द्यायला.

मी बेरीज केली. टोकाला पाच. जाड होजची वाटखर्ची दीड, बारीकची सव्वा. चढाचे तीन. पावणेअकरा.

आमचे होज बाराच्या वर नेऊ नयेत, असा दादाच्या नंतर स्टेशनात दंडक झाला होता. साहेब धावत आले. आमचे साहेब माणूस चांगला, पण आग बघितली की त्यांना सगळं डबल हवं असतं.

"ताई, वरती फाटा लावू आणि दुसरी ब्रांच काढू त्याच होजवर."

"नाही साहेब."

"नाही म्हणजे?"

"दुसरी काढली की जाड होजचे दीडचे सहा होतील. मला पंधरा द्यावे लागतील. या होजांना पंधरा देऊ?"

त्यांनी होजकडे बघितलं. पंधरा म्हणजे काय, ते त्यांनाही माहीत होतं. अण्णांनी नेमके तेवढेच दिले होते.

"दुसरी लाइन पंपापासून वेगळी टाका," मी म्हटलं. "दोन होज, दोन वाटा. एकमेकांच्या ताटातलं खाणार नाहीत."

त्यांनी पोरांना दुसरी लाइन अंथरायला पिटाळलं. तेवढ्यात चष्मेवाल्यानं जिन्यापाशी हात वर केला. पाणी सोडा, अशी खूण. मी सोडलं. आवारात आडवा पडलेला होज फुगत फुगत सरळ झाला, फाटकापासून जिन्यापर्यंत एकेक वळण ताणलं गेलं. मी हळूहळू थ्रॉटल वाढवत जोराचा काटा पावणेअकरावर आणला. पंपावर दुसराही एक काटा असतो, मिनिटाला किती पाणी वाहतंय ते दाखवणारा. तो आधी शून्यावर होता, मग सरकत चारशे लिटरवर आला आणि थांबला. म्हणजे नवऱ्यानं ब्रांच उघडली होती. नऊ मजले वर काय चाललंय ते मला दिसत नाही, पण हे दोन काटे सांगतात. तेवढ्यानं मला बरं वाटलं.

मग खांद्यावरचा सेट खरखरला.

"वाढव."

धापा टाकणारा, मास्कमधून येतो तसा आवाज. नवराच. माझा हात आपोआप थ्रॉटलकडे गेला आणि मी काट्याकडे बघितलं. पावणेअकरा. चारशे. दोन्ही जिथल्या तिथे.

"धार येत नाहीये का?" मी सेटवर विचारलं.

नुसती खरखर. मग पुन्हा, "वाढव. पाणी नाहीये."

पाणी नाही, असं कसं होईल? होज कुठे मुडपला असता तर वाहणं कमी झालं असतं. चारशेचे दोनशे दिसले असते, आणि जोराचा काटा वर चढला असता. होज फुटला असता तर उलटं झालं असतं, वाहणं वाढलं असतं आणि जोर पडला असता. कुणी दुसरी ब्रांच उघडली असती तरी तसंच. इथे काहीच हललं नव्हतं. जेवढं पाणी मी देत होते तेवढं एका उघड्या ब्रांचमधून बाहेर पडत होतं, आणि त्याच्याशिवाय या आकड्यांना दुसरा अर्थ नव्हता. पण वरती माझा नवरा होता आणि तो म्हणत होता की पाणी नाही.

"काय झालं?" साहेब माझा चेहरा बघून म्हणाले.

"पाणी मागतोय."

"मला नाही ऐकू आलं. माझा सेट चालू आहे."

"मला आलं ना!"

"मग द्या की, ताई! बघत काय बसलात?"

"काटा बघा साहेब. काटा म्हणतोय पाणी पोचतंय."

"काट्याला काय कळतंय? तो माणूस आत आहे!" असं म्हणून त्यांनी थ्रॉटलला हात घातला. मी तो हात फटकन उडवला. होय, साहेबांचा. नंतर माफी मागितली, पण तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं आणि असतं तरी उडवलाच असता. मी ओरडले, "चष्मेवाल्याला वर पाठवा! डोळ्यांनी बघून सांगू दे! तोवर कुणी हात लावायचा नाही." साहेबांनी एक क्षण माझ्याकडे बघितलं आणि चष्मेवाल्याला वर पिटाळलं. नऊ मजले. सिलेंडर पाठीवर. तो पोचेपर्यंत मला तिथे उभं राहायचं होतं.

सेट पुन्हा खरखरला. या वेळी आवाज अगदी जवळ, जणू कानाशी.

"वाढव गं, छोटे."

मला छोटे म्हणणारा जगात एकच माणूस होता.

मी पंपाची दांडी घट्ट धरली. इंजिन घरघरत होतं, पोरं दुसरा होज ओढत होती, वरच्या खिडकीतून काळा धूर निघत होता, आणि माझा मेलेला भाऊ माझ्याकडे पाणी मागत होता. इतकी वर्षं तो तिथेच उभा होता की काय, हातात कोरडं नळकांडं धरून? कुणी त्याला अजून सांगितलंच नव्हतं का?

खरं सांगते, त्या क्षणी मला द्यावंसं वाटलं. बारा, तेरा, पंधरा, हवं तेवढं. तो म्हणेल तेवढं. जन्मभर त्यानं मागितलं आणि मी दिलं नाही, असं एकदाही झालं नव्हतं. आणि हा मनाचा खेळ असला, तरी मुळात हा नवऱ्याचाच आवाज नसेल कशावरून? भीतीनं माझ्या कानांनीच त्यात 'छोटे' घातलं असेल. मग मी इथे काट्याकडे बघत आकडेमोड करतेय आणि वरती तो जळतोय.

पण मी पंधरा दिले आणि आत नवऱ्यानं घटकाभर ब्रांच बंद केली, म्हाताऱ्याला उचलायला म्हणून, तर? पाणी थांबणार, वाटखर्ची शून्य, आणि सगळा जोर त्याच्या पाठीमागच्या बारीक होजवर. त्याच जिन्यात.

मी सेटचं बटण दाबलं. आवाज चिरकला, पण निघाला.

"दादा, नाही."

खरखर.

"पावणेअकराच. टोक, वाट, चढ सगळं धरलंय. तूच शिकवलंयस. एक बारसुद्धा वाढवणार नाही. तू माग, मी देणार नाही."

साहेब माझ्याकडे बघत राहिले होते. कुणाशी बोलतेय, ते त्यांनी विचारलं नाही. त्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे.

मग सेटवर श्वास सोडल्यासारखा आवाज आला आणि एक शब्द.

"बरं."

मी काट्यावरची नजर काढली नाही. तेवढ्यात चारशेचा काटा खाली यायला लागला. तीनशे, शंभर, शून्य. जोराचा काटा वर उसळला आणि मी थ्रॉटल मागे घेतलं, आकडा पुन्हा पावणेअकरावर आणला. ब्रांच बंद झाली होती. का बंद झाली, ते मला कळायचा मार्ग नव्हता. होज दगडासारखा कडक झाला होता, पण धरून होता. मी देवाचं नाव घ्यायला गेले तर तोंडात टोक, वाट, चढ हेच आलं.

मग साहेबांच्या सेटवर चष्मेवाल्याचा आवाज आला, अगदी स्पष्ट. "म्हातारा मिळाला. दोघं मिळून उचलतायत. पाणी झकास आहे, साहेब. पहिल्यापासून झकास आहे."

काही वेळानं ते खाली आले. म्हाताऱ्याला ॲम्ब्युलन्समध्ये घातलं, तो खोकत होता, म्हणजे जिवंत होता. दुसरी लाइन घेऊन पोरं वर गेली आणि उरलेली आग त्यांनी मारली. नवऱ्यानं मास्क काढला. तोंड काळं, डोळे लाल. मी त्याला आधी एक शिवी दिली आणि मग रडले. तो बावचळला.

"पाणी नाही, वाढव, असं सेटवर का म्हणालास?"

"कुठल्या सेटवर?" तो म्हणाला. "सेट सातव्या मजल्यावरच आपटला. बॅटरी एकीकडे, सेट एकीकडे. म्हणून तर पाण्यासाठी जिन्यातून बोंब मारली चष्मेवाल्याला. विचार बुटक्याला."

बुटक्यानं खिशातून बॅटरी काढून दाखवली.

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. या वेळी तो हसला नाही. म्हणाला, "मध्येच मी ब्रांच बंद केली, म्हाताऱ्याला उचलायला. होज पायाखाली असा थडथडला की वाटलं, आता जातोय. पण नाही गेला." मग हळूच म्हणाला, "तू वाढवलं नव्हतंस ना?"

"नाही," मी म्हटलं.

संध्याकाळी मी वहिनीकडे गेले. दादा गेल्यावरही ती त्याच घरात राहते, मुलीजवळ जायला तयार नाही. तिला मी आजवर आवाजाचं काही बोलले नव्हते. त्या दिवशी सगळं सांगितलं. गॅसवर दूध होतं, ते उतू गेलं तरी तिचं लक्ष नव्हतं. मीच उठून बंद केलं.

"दमलेला होता का गं आवाज?" शेवटी तिनं विचारलं.

"हो, वहिनी."

"फार?"

"फार. तुम्ही चिडलात का? मी त्याला पाणी दिलं नाही."

ती पदराच्या टोकाला पीळ घालत राहिली. मग म्हणाली, "आणि शेवटी काय म्हणाले, म्हणालीस?"

"बरं म्हणाला."

"बरं म्हणाले?" ती माझ्याकडे बघत राहिली. "हे बरं म्हणाले?" आणि तिच्या तोंडावर हसू आलं, आणि ते हसू तसंच राहून डोळे भरून वाहायला लागले. "एवढ्या संसारात मला कधी बरं म्हणाले नाहीत गं. कुणालाच नाही. त्यांना नाही म्हणता येतं, हे आम्हाला कुणाला सुचलंच नाही. अण्णांना तरी कुठे सुचलं?"

मी तिचा हात धरला.

मग डोळे पुसून म्हणाली, "उद्या मला अण्णांकडे घेऊन चल. त्यांना सांगू या, हे आता मागत नाहीत म्हणून."